पगारपत्रकावर एजन्सी, ओळखपत्रावर कंपनी: मग मालक कोण?

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना बाहेर पडणाऱ्या कामगाराला तो कुठे कामाला आहे असे विचारले, तर तो कंपनीचे नाव सांगतो. त्याच्या पगारपत्रकावर मात्र दुसरेच नाव असते, ते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे. पगार वेळेवर होत असतो तोवर या दोन नावांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पगार अडकला, यंत्रावर दुखापत झाली किंवा ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले गेले, की मग खरा मालक कोण हा प्रश्न उभा राहतो, आणि दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू लागतात.

या तिन्ही प्रसंगांना कायदा एकच उत्तर देत नाही, ही या विषयातली कळीची बाब आहे. थकलेला पगार आणि दुखापत यांच्या बाबतीत एजन्सीच्या मागे कंपनीला कायद्यानेच उभे केलेले आहे. तिथे कंपनी आपली मालक आहे हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र तेच सिद्ध करावे लागते, आणि ते अवघड आहे. हे तीन दावे एकाच अर्जात कालवले गेले, की हातात येऊ शकणारा पगारही नोकरीच्या लांबलचक वादात अडकून पडतो.

कंत्राटी कामगारांविषयीचा मूळ कायदा १९७०चा. त्याने ज्या कंपनीत काम चालते तिला मुख्य मालक म्हटले आणि माणसे पुरवणाऱ्याला कंत्राटदार. तो वीस किंवा अधिक कंत्राटी कामगारांना लागू होता. महाराष्ट्राने नंतर ती मर्यादा पन्नासवर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७०च्या कायद्यातील तरतुदी थोड्याफार बदलांसह व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेल्या. तिथेही मर्यादा पन्नासचीच आहे. निव्वळ मनुष्यबळ पुरवणारा हादेखील कंत्राटदारच, असे ही संहिता स्पष्टपणे म्हणते. ‘आम्ही कंत्राटदार नाही, फक्त पेरोल सांभाळतो’ हे एजन्सीचे नेहमीचे उत्तर म्हणूनच टिकत नाही.

आता एक काल्पनिक, पण नाशिककरांना ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. अंबडमधल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये आयटीआय झालेला एक तरुण साडेचार वर्षे प्रेस चालवतो आहे. त्याची मुलाखत कंपनीच्या अधिकाऱ्याने घेतली, नेमणूकपत्र मात्र एजन्सीने दिले. अडीच वर्षांनी एजन्सी बदलली. त्या दिवशी त्याने एका कागदावर राजीनामा लिहून दिला, दुसऱ्यावर नव्या नेमणुकीची सही केली आणि त्याच पाळीला त्याच प्रेसवर उभा राहिला. त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत. दुसऱ्या एजन्सीने दोन महिन्यांचा पगार दिलेला नाही. मधल्या काळात त्याच्या बोटाला प्रेसवर इजा झाली, आणि तो बरा होऊन परतला तेव्हा सुपरवायझरने त्याला गेटवरूनच परत पाठवले.

आधी पगाराचे पाहू. पगार देण्याची पहिली जबाबदारी एजन्सीची. तिने तो दिला नाही, तर कंपनीने द्यायचा आणि एजन्सीच्या बिलातून वळता करून घ्यायचा, अशी तरतूद १९७०च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये होती आणि नव्या संहितेतही ती आहे. एजन्सीकडे पन्नासपेक्षा कमी माणसे असल्याने ही तरतूद लागू होत नसली, तरी २०१९च्या वेतन संहितेचे कलम ४३ उरतेच. मालकाने पगार दिला नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार काम करतो तिच्या मालक असलेल्या कंपनीवर तो देण्याची जबाबदारी येते, असे ते कलम सांगते. या कलमात कामगारांच्या संख्येची अट घातलेली नाही.

येथे कंपनीचा ठरलेला बचाव असा, की एजन्सीचे बिल आम्ही केव्हाच चुकते केले आहे. तो खरा असू शकतो. पण हा कंपनी आणि एजन्सी यांच्यातला हिशेब झाला. कामगाराच्या हातात पगार पडला नसेल, तर कंपनीला ती रक्कम दुसऱ्यांदा मोजावी लागू शकते. याच कारणाने शहाण्या कंपन्या पुढच्या महिन्याचे बिल देण्याआधी मागच्या महिन्याच्या बँक जमेचा आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याचा पुरावा मागून घेतात. ज्या मागत नाहीत, त्यांना एजन्सीचा फोन बंद झाल्यावर हे कलम वाचावे लागते.

कंपनी एजन्सीला नेमके काय देते हे एकदा आकड्यांत पाहिले, की पुढचा वाद समजायला सोपा जातो. १५,००० रुपयांवर भविष्य निर्वाह निधीपोटी मालकाचा वाटा, विमा आणि प्रशासकीय खर्च धरून, १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये होतो. कर्मचारी राज्य विम्यापोटी सव्वातीन टक्के म्हणजे ४८८ रुपये. बेरीज १७,४३८. त्यावर एजन्सीचे सेवाशुल्क सहा टक्के धरले तर १,०४६ रुपये, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. बोनस आणि रजेची रक्कम सोपेपणासाठी येथे सोडली आहे. तिकडे कामगाराच्या पगारातून निधीचे १,८०० आणि राज्य विम्याचे ११३ रुपये कापले जातात. व्यवसाय कर वगळता त्याच्या हाती १३,०८७ रुपये यायला हवेत. पगाराचा प्रत्येक रुपया कंपनीकडून येतो आणि एजन्सीची कमाई माणशी ठरलेली असते. किती सुटे भाग तयार झाले किंवा किती काम पुरे झाले, याच्याशी त्या बिलाचा संबंध नसतो. असे माणशी बिल म्हणजे मनुष्यबळाचा पुरवठा. तो बेकायदा नाही, पण एजन्सी काही काम करून देते असे म्हणायला मग फारशी जागा राहत नाही.

दुखापतीचे उत्तर याहून सरळ आहे. कारखान्यासंबंधीचा कायदा ‘कामगार’ या व्याख्येत एजन्सीमार्फत आलेल्या माणसाला पूर्वीपासूनच धरत आला आहे, त्यामुळे प्रेसला संरक्षक जाळी नव्हती किंवा सेन्सर बंद होता याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावरच येते, एजन्सीवर ढकलता येत नाही. उपचार आणि बुडालेला रोज यांसाठी कर्मचारी राज्य विमा आहे. कामावर झालेल्या दुखापतीसाठी या योजनेत आधी काही महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. पहिल्या दिवशी इजा झाली तरी हक्क असतो, आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते. एजन्सीने नोंदणीच केली नव्हती असे उघड झाले, तर वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर येते, कारण मुळातच ती वर्गणी मुख्य मालकाने भरावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी अशी या योजनेची रचना आहे. राज्य विमा ज्याला लागू नाही, अशा कामगारासाठी नुकसानभरपाईचा जुना कायदा १९२३ पासून हेच सांगत आला: भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, त्याने ती मग कंत्राटदाराकडून घ्यावी. अपघाताची नोंद कंपनीच्या नोंदवहीत त्याच दिवशी झाली की नाही, एवढे मात्र पाहावे. ‘घरी पडला’ असे लिहून खासगी दवाखान्यात पट्टी करून पाठवले, की पुढचे सगळे अवघड होते.

भविष्य निर्वाह निधीत थोडा फरक पडतो. एजन्सीचा स्वतःचा निधी क्रमांक असेल, तर साधारणतः पहिली विचारणा तिच्याकडेच होते; तरीही मुख्य मालकाची जबाबदारी योजनेत लिहिलेलीच आहे. पैसे भरले जातात की नाही हे कामगाराला उमंग ॲपवर आपल्या यूएएनच्या पासबुकात दिसते, आणि त्यात भरणाऱ्या आस्थापनेचे नावही असते. हे पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी उघडणे ही सवय चांगली, कारण पगार थकण्याच्या आधी बहुधा निधीचा भरणा थांबलेला असतो.

आता अवघड प्रश्नाकडे वळू. या तरुणाला गेटवरून परत पाठवले गेले; त्याची नोकरी कोणाकडे होती?

या प्रश्नावरची न्यायालयीन भूमिका पन्नास वर्षांत बरीच हेलकावली आहे. १९७८ साली केरळमधील दोर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात, हुसैनभाई खटला म्हणून ते ओळखले जाते, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधल्या कंत्राटदाराचा पडदा बाजूला सारून पाहा असे सांगितले: कामगाराच्या पोटापाण्यावर ज्याचे आर्थिक नियंत्रण आहे, तोच मालक. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेले. एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी घातली गेली, की त्या कामावरचे कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचे होतात असे त्याने ठरवले. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे उलटवले. बंदी आली तरी कामगार आपोआप कंपनीत सामावला जात नाही. मात्र कंत्राटच बनावट, केवळ कागदावरचे आहे असे औद्योगिक न्यायनिर्णयात सिद्ध झाले, तर तो कंपनीचाच कामगार ठरतो. आजचे सगळे दावे या दुसऱ्या वाक्याच्या आधारावर उभे राहतात.

कंत्राट बनावट आहे हे ओळखायचे कसे? बहुतेक कामगार, आणि काही संघटनाही, एकाच गोष्टीवर भर देतात: आम्हाला काम कंपनीचा सुपरवायझर सांगतो. हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कंत्राट मनुष्यबळ पुरवण्याचेच असेल तर रोजचे काम कंपनीच सांगणार, त्यात नवल नाही. ते दुय्यम नियंत्रण होय. कामगाराला कुठे पाठवायचे, किती काळ ठेवायचे, परत कधी बोलवायचे हे कोण ठरवतो, ते मूळ नियंत्रण. २०१४ च्या बलवंत राय सलुजा निकालाने तपासण्याच्या बाबी मांडून दिल्या: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, सेवेत सलगपणा आहे का, आणि नियंत्रण किती व कसले. यांपैकी एकाच बाबीवर निर्णय होत नाही, सगळे चित्र एकत्र पाहिले जाते.

आपल्या प्रेस ऑपरेटरला ही कसोटी लावून पाहू. नेमणूकपत्र आणि बँकेतली जमा एजन्सीच्या नावाने आहेत, हे त्याच्या विरुद्ध जाते. मुलाखत कंपनीने घेतली हे त्याच्या बाजूचे, पण त्याचा कागद त्याच्याकडे नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याने पाठवलेला मुलाखतीचा संदेश फोनमध्ये शिल्लक असेल तर तोच पुरावा. रजेचा अर्ज कोणाकडे जात होता? कंपनीच्या शिफ्ट इन्चार्जने सही केलेली रजाचिठ्ठी असेल तर ती मोलाची आहे. गैरहजेरीबद्दलची ताकीद कंपनीच्या कागदावर मिळाली असेल, तर तिचे वजन त्याहून जास्त, कारण शिस्तभंगाचा अधिकार हा मूळ नियंत्रणात मोडतो. या गोष्टी कंपन्यांच्या सल्लागारांनाही ठाऊक आहेत. म्हणूनच अलीकडे गेटजवळ एजन्सीचा एक समन्वयक टेबल मांडून बसलेला दिसतो आणि रजाचिठ्ठ्यांवर त्याची सही घेतली जाते. त्या समन्वयकाला रजा नाकारता येते, की तो फक्त शिक्का मारतो, हे उलटतपासणीत विचारण्यासारखे असते.

माझ्या मते दोन खुणा इतर सर्वांपेक्षा बोलक्या आहेत. पहिली म्हणजे कंपनीने परत पाठवल्यावर काय होते. खऱ्या एजन्सीकडे आणखी ग्राहक असतात. ती माणसाला सिन्नरच्या किंवा दिंडोरीच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवते, निदान तसा प्रयत्न तरी करते. कंपनीचा नकार म्हणजेच नोकरीचा शेवट असेल आणि एजन्सी केवळ हिशेब पूर्ण करून देत असेल, तर काढून टाकण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे होता हे उघड आहे. दुसरी खूण म्हणजे एजन्सी बदलली तरी कामगार न बदलणे. जुना कंत्राटदार आपली माणसे घेऊन जातो आणि नवा आपली आणतो, हे खरे कंत्राट. माणूस त्याच प्रेसवर, त्याच पाळीत राहतो आणि फक्त पगारपत्रकावरचे नाव बदलते, तेव्हा त्या माणसाला कोणी पुरवले हा प्रश्नच उरत नाही. अशा बदलाच्या दिवशी घेतलेल्या राजीनाम्याची प्रत कामगाराकडे बहुधा नसते. ती मागावी, आणि न मिळाल्यास दोन्ही एजन्सींच्या पासबुक नोंदींतल्या तारखा जोडून दाखवाव्यात. एरवी पाच वर्षांच्या अटीमुळे बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यातही याच तारखा लागतात.

परवान्याचा मुद्दा वेगळा आहे, आणि नव्या संहितेने तो पार बदलला आहे. १९९१च्या दीनानाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कंत्राटदाराकडे परवाना नसेल तर शिक्षा होईल, पण तेवढ्यावरून कामगार कंपनीचा होत नाही. नव्या संहितेनुसार ज्या कंत्राटदाराला परवाना आवश्यक आहे आणि त्याने तो घेतलेला नाही, त्याच्यामार्फत लावलेला कामगार कंपनीनेच लावला असे मानले जाते. हे सिद्ध करणे बनावट कंत्राट सिद्ध करण्याच्या तुलनेत फार सोपे आहे, कारण ते एका कागदाच्या असण्या-नसण्यावर ठरते. म्हणून आपल्या कामाच्या काळात एजन्सीचा परवाना चालू होता का, हे माहिती अधिकारातून विचारून घेणे हे पहिल्या कामांपैकी एक असावे.

संहितेने कंपनीच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यालाही मनाई केली आहे. सफाई, पहारा, उपाहारगृह, चढ-उतार, बागकाम अशी कामे सामान्यतः मुख्य मानली जात नाहीत. प्रेसवर भाग तयार करणे हे अशा कारखान्याचे मुख्य काम, याबद्दल दुमत होऊ नये. पण अपवादही रुंद आहेत: कामाचा अचानक वाढलेला भार, किंवा ते काम त्या धंद्यात सर्वसाधारणपणे कंत्राटदाराकडूनच करून घेण्याची रीत. शिवाय एजन्सीने ज्याला आपल्याकडे नियमित नोकरीत ठेवले आहे, ठरावीक काळाने वेतनवाढ दिली आहे आणि सामाजिक सुरक्षा दिली आहे, असा माणूस ‘कंत्राटी कामगार’ या व्याख्येतूनच वगळला जातो. मोठ्या एजन्सी या दाराचा उपयोग करतील असे मला वाटते. तो कायद्याचा गैरवापर ठरेलच असे नाही. वेतनवाढ खरोखर होत असेल आणि दोन नेमणुकांच्या मधल्या काळातही पगार मिळत असेल, तर एजन्सी हीच खरी मालक आहे, आणि कामगाराचे त्यात नुकसान नाही.

दाद कुठे मागायची हे शेवटी, पण महत्त्वाचे. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१चा कायदा आहे आणि नाशिकला औद्योगिक न्यायालयही आहे, म्हणून अनेक जण थेट तिथे तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या सिप्ला निकालात ही वाट बंद केली. कंपनी ‘हे आमचे कामगारच नाहीत’ असे म्हणत असेल, तर ते नाते आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने ठरवून घ्यावे लागते. त्याआधी त्या कायद्याखालची तक्रार चालत नाही. बरीच वर्षे चाललेल्या तक्रारी या एका मुद्द्यावर निकालात निघाल्या आहेत.

म्हणून आपल्या प्रेस ऑपरेटरने दोन वेगळे अर्ज करावेत. थकलेल्या पगारासाठी वेतन संहितेखाली एक, ज्याची मुदत तीन वर्षांची आहे. त्यात कंपनी मालक आहे असा वाद न घालता फक्त कलम ४३ची तिची जबाबदारी मांडावी. नोकरीसाठी दुसरा, कामगार आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात समेट अधिकाऱ्यापुढे, विवाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. समेट झाला नाही तर तिथून पुढे न्यायाधिकरणाकडे. या दुसऱ्या अर्जात कंत्राट बनावट आहे असे स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण अर्जात न मांडलेला मुद्दा पुढे पुराव्यात आणता येत नाही. दोन्ही अर्जांत कंपनी आणि एजन्सी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, आणि एजन्सी दोन झाल्या असतील तर नोकरीच्या अर्जात पहिलीलाही.